टीव्हीची मांडणी

मागच्या महिन्यात गटाच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब संपल्यावर एक मैत्रीण थांबली. म्हणाली, "ताई, आमच्याकडं दिवाळीत स्मार्ट टीव्ही घेतला. तेव्हापासून आत्याबाई टीव्ही बघत नाहीत, नुसत्या टीव्हीकडं बघत बसतात."

तिच्या सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. घरातले सगळे सकाळी शेतावर जातात ते पाच वाजता येतात. तोवर त्यांना सोबत फक्त टीव्हीची. जुना डबा टीव्ही होता तेव्हा बटण दाबलं की सह्याद्री लागायचं, कीर्तन लागायचं, संध्याकाळी बातम्या. आता बटण दाबलं की पडद्यावर पंधरा-वीस चौकोन येतात. एखाद्या सिनेमाची मोठी जाहिरात आपोआप वाजायला लागते. चुकून एखादा चौकोन दाबला गेला तर 'पैसे भरा' असं येतं, आणि मग त्या घाबरून टीव्ही बंद करून टाकतात.

आम्ही दोघी-तिघी त्यांच्या घरी गेलो आणि एका दुपारी त्या टीव्हीची मांडणी लावून दिली. 'मांडणी' हा शब्द मुद्दाम वापरतोय. स्वयंपाकघरात रोजचे डबे हाताशी असतात, कधीतरीचे माळ्यावर असतात आणि खराब झालेलं आपण बाहेर काढतो. टीव्हीच्या पहिल्या पडद्यावर हेच करायचं असतं. पण हे तीन वेगवेगळे पर्याय आहेत, आणि त्यात गल्लत झाली की घोटाळा होतो.

आधी एक सांगून टाकतो. आपल्याकडच्या कमी किमतीतल्या बऱ्याच स्मार्ट टीव्हींत अँड्रॉइड टीव्ही किंवा त्याचंच नवं रूप असलेला गुगल टीव्ही असतो. आज त्याचंच बोलणार आहोत. काही मोठ्या कंपन्यांच्या टीव्हीत त्यांची स्वतःची वेगळी रचना असते, तिथली बटणं वेगळी पडतात. तुमचा कुठला ते ओळखायला घराचं चित्र असलेलं बटण दाबा. खाली खाली जाताना प्रत्येक ॲपची वेगळी ओळ दिसत असेल आणि त्या ओळीच्या डाव्या टोकाला त्या ॲपचं चिन्ह असेल, तर तो जुना अँड्रॉइड टीव्ही. वरच्या बाजूला तुमच्या खात्याचं गोल चित्र आणि For you अशी पाटी असेल, तर गुगल टीव्ही. आमच्या मैत्रिणीचा जुन्या पद्धतीचा होता.

पहिलं काम रिमोटला हात न लावता केलं. आत्याबाईंना विचारलं, "तुम्हाला काय काय बघायचंय?" त्या म्हणाल्या, "मला सह्याद्री पाहिजे. आणि ते कीर्तनाचं." सून म्हणाली, तिला यूट्यूब लागतं, ब्लाउजच्या कटिंगसाठी. मुलाला एक क्रिकेटचं ॲप हवं होतं. झालं, एवढंच. पडद्यावर मात्र सतरा चौकोन होते. त्यातले कितीतरी कंपनीनंच टाकून दिलेले, दोन खेळ पोरांनी घेतलेले.

आता रिमोट. मधलं गोल बटण असतं ना, ज्यानं आपण 'ठीक आहे' म्हणतो, सगळी किल्ली त्याच्यातच आहे. ते एकदा दाबून सोडलं तर ॲप उघडतं. तेच दाबून धरलं, म्हणजे मनात एक-दोन-तीन म्हणेपर्यंत बोट उचललं नाही, तर ॲप उघडत नाही, छोटी यादी उघडते. आमच्यातल्या प्रत्येकीनं पहिल्यांदा बोट लवकर उचललं आणि ॲप उघडून बसलं. तसं झालं तर मागे जाण्याचं बटण दाबायचं आणि पुन्हा धरायचं. टीव्ही बिघडत नाही.

त्या यादीत Move असा पर्याय असतो. तो निवडला की चौकोन मोकळा होतो, मग डाव्या-उजव्या बाणांनी त्याला हवं तिथं सरकवायचं आणि मधलं बटण दाबून बसवायचं. आम्ही यूट्यूब पहिल्या जागी आणलं, क्रिकेटचं दुसऱ्या जागी. जास्तीत जास्त चार चौकोन पुढे राहू द्या, असं आमचं मत आहे. चारच्या पुढे गेलं की म्हाताऱ्या माणसाला मोजत जावं लागतं, आणि मोजताना बोट चुकतं.

त्याच यादीत दुसरा पर्याय Remove नं सुरू होणारा असतो. जुन्या अँड्रॉइड टीव्हीवर तो Remove from favourites असा लिहिलेला दिसतो. यानं ॲप टीव्हीतून जात नाही. फक्त पहिल्या पडद्यावरच्या ओळीतून उचललं जातं, म्हणजे डबा माळ्यावर ठेवला. Apps नावाच्या पानावर तो असतोच, आणि पुन्हा हवा असेल तर ओळीच्या शेवटी अधिकचं चिन्ह असतं, तिथून परत आणता येतो. म्हणून हे करायला घाबरायचं काहीच कारण नाही. नको असलेले अकरा चौकोन आम्ही असे माळ्यावर टाकले. पडदा एकदम मोकळा झाला, तेव्हा आत्याबाई पहिल्यांदा उठून जवळ आल्या.

तिसरं म्हणजे बाहेर काढणं. त्यासाठी पडद्याच्या कोपऱ्यातलं चक्राचं चिन्ह, म्हणजे Settings, त्यात Apps, त्यात See all apps. इथं टीव्हीतल्या सगळ्या ॲपची यादी येते. एकेक निवडलं की पुढे Uninstall दिसतं. ते दाबून होकार दिला की ॲप खरोखर जातं आणि त्याची जागा मोकळी होते. दोन्ही खेळ आम्ही असे काढले.

जागेचं महत्त्व इथं सांगायला हवं. स्वस्तातल्या बऱ्याच टीव्हीत साठवणीची जागा आठ जीबी लिहिलेली असते, पण त्यातली बरीच टीव्हीच्या स्वतःच्या कामात जाते आणि आपल्या हातात थोडीच उरते. ती भरली की ॲप नवं रूप घेत नाही, यूट्यूब अडकतं, 'जागा कमी आहे' अशी सूचना येते. मग आपल्याला वाटतं, नेटचाच दोष. नेट फोनवर नीट चालतंय आणि टीव्हीवरच अडकतंय, तर आधी जागा बघायची. See all apps मध्ये एखादं ॲप उघडलं की Clear cache आणि Clear data असे दोन पर्याय दिसतात. पहिल्यानं साठलेला केरकचरा जातो, आपलं खातं तसंच राहतं. दुसऱ्यानं सगळंच पुसलं जातं, मग पुन्हा खातं टाकून आत जावं लागतं. म्हणून पहिलाच वापरा.

कंपनीनं आधीच बसवून दिलेल्या काही ॲपना मात्र Uninstall येतच नाही. तिथं Disable दिसतं, म्हणजे कुलूप लावून ठेवणं. ते ॲप राहतं पण चालत नाही आणि पडद्यावरून जातं. पुढे लागलं तर त्याच जागी Enable दाबायचं. पण यादीत अशी काही नावं असतात जी आपण कधी उघडलेली नसतात, Google Play services किंवा Android System WebView अशी. ती टीव्हीची खांबं-तुळया आहेत. आमच्या एका गटाच्या टीव्हीवर आम्हीच उत्साहात असलं एक नाव बंद करून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी बैठकीत प्रशिक्षणाचा व्हिडिओ लावायला गेलो तर ॲप उघडून लगेच बंद पडायचं. वीस बायका बसलेल्या आणि आम्ही रिमोट घेऊन घामाघूम. शेवटी त्याच यादीत जाऊन Enable केलं तेव्हा चाललं. तेव्हापासून नियम केला की जे नाव कळत नाही त्याला हात लावायचा नाही.

या घरात आणखी एक ॲप सापडलं. सिनेमे फुकट दाखवतो म्हणून टीव्ही बसवायला आलेल्या मुलानं पेनड्राइव्हवरून टाकून दिलेलं. नावात काही अर्थ नाही, चिन्हही धड नाही. ते आल्यापासून दुसरं काही बघताना मध्येच जाहिरात उघडायची. असं ॲप प्ले स्टोअरमधून आलेलं नसतं, त्यामुळे त्याच्यात काय भरलंय ते आपल्याला कळायला मार्ग नसतो. ते लगेच Uninstall केलं. त्याच वेळी Settings मधला Accounts हा भाग उघडून बघितला, तर टीव्हीवर त्या मुलाचंच ईमेल खातं चालू होतं! म्हणून यूट्यूबवर कीर्तनाऐवजी मोटारसायकलच्या शर्यती पुढे येत होत्या. ते खातं काढून सुनेचं टाकलं. तुम्हीही हे एकदा नक्की बघा, टीव्ही बसवणाऱ्याच्या घाईत असं बऱ्याच घरांत होत असणार.

आता पैशाचं. आम्ही एक ॲप काढायला निघालो तेव्हा सून म्हणाली, "हे तर मी दोन महिन्यांपूर्वी फोनवरून काढून टाकलंय, तरी खात्यातून १४९ रुपये जातातच. तीनदा गेले." तीनदा म्हणजे ४४७ रुपये. गटातली तिची महिन्याची बचत दोनशे रुपये आहे, म्हणजे दोन महिन्यांची बचत गेली.

मैत्रिणींनो, ॲप काढल्यानं वर्गणी बंद होत नाही. ॲप हे दार आहे, वर्गणी हा वेगळा करार आहे. दार काढलं तरी करार चालूच राहतो. बहुतेक वेळा 'पहिला महिना फुकट' किंवा 'एक रुपयात' असं म्हणून यूपीआयवर परवानगी घेतलेली असते, आणि मग दर महिन्याला पैसे आपोआप जातात. तोडायची जागा टीव्हीवर नाही, फोनवर आहे. आपण ज्या ॲपनं यूपीआयचे पैसे देतो त्याच्यात Autopay किंवा Mandates नावाचा भाग असतो. तिथं चालू असलेले सगळे करार दिसतात, नको तो उघडून रद्द करायचा. वर्गणी गुगलच्या खात्यातून घेतली असेल तर फोनच्या प्ले स्टोअरमध्ये आपल्या चित्रावर दाबून Payments & subscriptions मध्ये जायचं. आणि आपोआप जाणारे पैसे कापायच्या किमान चोवीस तास आधी आपल्याला सूचना यायला हवी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ती सूचना इंग्रजीत येते आणि आपण वाचत नाही, हाच घोळ. सुनेच्या फोनमध्ये ती तिन्ही महिन्यांची पडलेली होती. आम्ही आधी करार रद्द केला, मग ॲप काढलं. क्रम हाच ठेवा.

पहिल्या पडद्याचं आणखी एक काम राहिलं होतं, त्या आपोआप वाजणाऱ्या जाहिराती आणि खाली लांबपर्यंत लागलेल्या ओळी. जुन्या अँड्रॉइड टीव्हीवर Settings मध्ये Device Preferences, त्यात Home screen असा भाग आहे. तिथं Customize channels मध्ये प्रत्येक ओळीपुढे चालू-बंदचं बटण असतं. नको त्या ओळी बंद केल्या. त्याच ठिकाणी video previews आणि audio previews चालू ठेवायचे का, असं विचारलेलं असतं. दोन्ही बंद केले. आत्याबाई ज्या आवाजानं दचकायच्या तो तिथंच थांबला, आणि नेटही वाचलं.

गुगल टीव्हीवर या ओळी अशा एकेक बंद करता येत नाहीत. तिथं Settings मध्ये खात्याच्या भागात Apps only mode असा पर्याय मिळतो. तो चालू केला की सुचवण्या जाऊन मुख्यतः आपली ॲप उरतात. पण मग बोलून शोधायची सोय जाते. जिला लिहिता येत नाही आणि ती बोलूनच शोधते, तिच्या घरी आम्ही तो चालू करणार नाही. आणि सगळ्यात वरची मोठी जाहिरात कुठल्याच सेटिंगनं पूर्ण जात नाही, हेही खरं. तिला वळसा घालूनच चालायचं.

मग सह्याद्रीचं काय? इथं सगळ्यात जास्त गोंधळ होतो, कारण 'चॅनल' हा एकच शब्द तीन वेगळ्या गोष्टींना लावलेला आहे. आत्ता Customize channels म्हटलं, ते चॅनल म्हणजे पडद्यावरच्या ओळी. यूट्यूबवरचं चॅनल म्हणजे एखाद्या माणसाचं किंवा संस्थेचं दुकान. आणि आत्याबाईंचं चॅनल म्हणजे डिशवरून येणारं सह्याद्री. तिघांना पुढे ठेवायची जागा वेगवेगळी आहे.

यूट्यूबचं सोपं आहे. आवडलेला व्हिडिओ चालू असताना खाली बाण दाबून चॅनलच्या चिन्हावर जायचं आणि Subscribe करायचं. मग यूट्यूबच्या डाव्या बाजूच्या पट्टीत Subscriptions मध्ये तेवढीच चॅनल मिळतात. सुनेनं शिवणकामाचं एक आणि आत्याबाईंसाठी कीर्तनाचं एक असं केलं. उलट, नको ते सारखं पुढे येत असेल तर त्या चित्रावर मधलं बटण दाबून धरा, Not interested मिळेल.

डिशचं मात्र टीव्हीच्या पडद्यावर कितीही शोधा, सापडणार नाही. त्यांच्याकडे डीडी फ्री डिश आहे, प्रसार भारतीची, महिन्याचे पैसे नसलेली. तिचं सगळं त्या छोट्या सेट टॉप बॉक्सात असतं. टीव्हीला ते फक्त एक वायर लावलेलं यंत्र वाटतं. त्यांच्या बॉक्सची वायर पिवळी-पांढरी-लाल होती, म्हणजे टीव्हीवर तिचं नाव AV. चपटी एकच वायर असेल तर HDMI 1 किंवा HDMI 2. टीव्हीच्या रिमोटवर इनपुटचं बटण असतं, चौकोनात घुसणारा बाण काढलेलं. ते दाबलं की ही नावं येतात. Settings मधल्या Inputs भागात जाऊन आम्ही त्या AV चं नाव बदलून DISH ठेवलं. आत्याबाईंना इंग्रजी येत नाही, पण चार अक्षरांचं ते चित्र त्यांनी दोन वेळा बघून लक्षात ठेवलं.

मग Settings मध्ये Power चा भाग शोधला. काही टीव्हींत तिथं Power on behaviour असतं, म्हणजे टीव्ही चालू झाल्यावर आधी काय दाखवायचं. पहिला पडदा की शेवटी वापरलेलं इनपुट. आम्ही Last used input केलं. रात्री बंद करताना टीव्ही डिशवर असला की सकाळी बटण दाबल्यावर सरळ डिशच लागते, चौकोन दिसतच नाहीत. सगळ्या टीव्हींत हा पर्याय नसतो. नसेल तर इनपुटचं बटण शिकवायलाच लागतं.

राहिली आवडत्या चॅनलची यादी. ती सेट टॉप बॉक्सच्या रिमोटवर करायची, टीव्हीच्या नाही. बॉक्सच्या मेनूत Favourite असा भाग असतो, तिथं चॅनलला खूण करायची. पुढे रिमोटवरचं FAV बटण दाबलं की तेवढीच चॅनल येतात. आम्ही सहा ठेवली. बॉक्स वेगवेगळ्या कंपन्यांचे असल्यानं मेनूची रचना थोडी इकडेतिकडे असते, पण FAV हे बटण बहुतेकांवर दिसतं. फ्री डिशवरच्या खासगी चॅनलच्या जागांचा लिलाव होतो, त्यामुळे चॅनल येतात-जातात आणि मधूनमधून पुन्हा शोध लावावा लागतो. तो लावला की बऱ्याच बॉक्समधली आवडत्यांची यादी पुसली जाते. म्हणून ती सहा नावं वहीत लिहून ठेवली आहेत, पुन्हा भरायला पाच मिनिटं.

शेवटी टीव्हीच्या रिमोटचं एक काम. त्याच्यावर पैशाच्या ॲपची रंगीत बटणं होती. ती कुठल्याच सेटिंगनं काढता येईनात. सुनेनं शिवणकामाच्या कापडाची छोटी चिंधी कापून वरून चिकटपट्टीनं लावली. चालू-बंदच्या बटणाला लाल टिकली, इनपुटच्या बटणाला हिरवी.

दहा दिवसांनी सुनेचा फोन आला. म्हणाली, "ताई, आत्याबाई भांडतायत." आम्ही विचारलं, कशावरून? तर म्हणे कीर्तनाचं चॅनल आधी सहापैकी दुसरं होतं, ते पाचव्यावर गेलंय, आणि त्यांना ते दुसऱ्यावरच पाहिजे. पोरानं पुन्हा शोध लावला होता. सुनेनं संध्याकाळी वही काढून यादी परत भरली, कीर्तन दुसऱ्यावर ठेवलं.

पुढच्या बुधवारी याच वेळेला भेटू. नमस्कार.